गच्चीचा एक्सपान्शन जॉइंट, कठड्याचं कोपिंग आणि हेअरलाइन क्रॅक : पाणी कुठून शिरतं आणि काम कसं करून घ्यायचं

सोसायटीची गच्ची गळायला लागली की पहिला ठराव होतो तो कोटिंगचा. अख्ख्या गच्चीवर पांढरं नाहीतर विटकरी कोटिंग मारायचं, दोन हात, वर जाळी, पाच वर्षांची गॅरंटी. आणि दोन पावसाळ्यांत टॉप फ्लोअरवाला परत मीटिंगला फोटो घेऊन हजर. कोटिंग वाईट असतं असं नाही, पण गच्चीत ज्या दोन-तीन जागा रोज हलतात तिथे नुसतं कोटिंग टिकूच शकत नाही, आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं. त्या जागा म्हणजे दोन विंगमध्ये हालचालीसाठी मुद्दाम सोडलेली फट, म्हणजे एक्सपान्शन जॉइंट, स्लॅब आणि कठडा जिथे भेटतात ती रेघ, आणि कठड्याच्या डोक्यावरचं दगडाचं किंवा काँक्रीटचं झाकण, म्हणजे कोपिंग. हा लेख त्याच तीन जागांबद्दल आहे, बाथरूमची गळती, टाकीखालची गळती वगैरे यात नाही.

आधी थोडा हिशोब, कारण तो कळला की मिस्त्रीशी बोलणं सोपं जातं. काँक्रीट एक डिग्री तापलं की दर मीटरला साधारण ०.०१ मिमी वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण पुण्यातली एखादी ५२ मीटर लांब बिल्डिंग घ्या, मधोमध जॉइंट, म्हणजे दोन्हीकडे २६-२६ मीटरचा स्लॅब. प्रत्येक तुकडा आपल्या मध्यापासून दोन्हीकडे सरकतो, म्हणजे जॉइंटकडे दोन्ही बाजूंनी १३-१३ मीटरची हालचाल येते. जानेवारीची पहाट ते मे महिन्याची दुपार यात स्लॅबच्या सरासरी तापमानात ३० डिग्रीचा फरक धरला तर २६ गुणिले ०.०१ गुणिले ३०, म्हणजे जवळजवळ ८ मिमी. हा जॉइंट वर्षभरात ८ मिमी उघडतो-मिटतो, आणि त्यातली थोडी हालचाल रोज सकाळ-दुपार चालूच असते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मीटरपेक्षा लांब बांधकामाला एक्सपान्शन जॉइंट द्या असं सांगितलंय ते याचसाठी.

आता कठडा. तो बहुतेक ठिकाणी विटांचा असतो आणि वीटकाम काँक्रीटच्या साधारण निम्मंच वाढतं. खाली स्लॅब सरकतोय, वर कठडा मागे राहतोय, मग दोघांच्या मधली रेघ फाटणारच. बाहेरून बघितलं तर कठड्याच्या बुडाशी, बरोब्बर स्लॅबच्या लेव्हलला एक आडवी भेग लांबवर गेलेली दिसते, आणि कोपऱ्यात दोन्हीकडून ढकललं जातं म्हणून तिरकी भेग. ही भेग प्लास्टर वाईट होतं म्हणून आलेली नसते. नवीन प्लास्टर केलं तरी येणार, फक्त एक सीझन उशिरा.

एवढ्याशा चिरेतून पाणी जातंच कसं

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतोच. ०.१ मिमीच्या चिरेत पाणी स्वतःहून साधारण १५ सेंटिमीटर वर चढू शकतं, ०.२ मिमीच्या चिरेत ७ सेंटिमीटर. म्हणजे चीर जितकी बारीक तितकी पाणी जास्त लांब ओढते, वरून ओतायचीही गरज नाही, ओलं प्लास्टर चिरेला टेकलं तरी पुरे. त्यात वारा. ताशी ७० किमीचा वारा भिंतीवर आदळला की जो दाब येतो तो पाण्याच्या दोनेक सेंटिमीटर उंचीएवढा असतो, तेवढा आडव्या भेगेतून पाणी आत ढकलायला भरपूर झाला. म्हणूनच काही घरांत सरळ पडणाऱ्या पावसात काहीच होत नाही आणि जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की एका रात्रीत भिंत ओली.

अगदी बारीक, ०.१ मिमीच्या आतली आणि न हलणारी चीर कधी कधी आपोआप बुजते, काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर येऊन तिथे पांढरा जमतो. पण चीर हलती असेल तर तो थर टिकत नाही.

आणि कोटिंग का फाटतं तेही इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं काम यावर आहे. समजा चीर थंडीत ०.६ मिमी होते आणि उन्हाळ्यात ०.२. तुम्ही उन्हाळ्यात कोटिंग मारलं, ते चिरेच्या दोन्ही काठांना घट्ट चिकटलं. आता थंडीत त्या ०.२ मिमीच्या पट्टीला ०.४ मिमी ताणायचंय, म्हणजे स्वतःच्या दुप्पट, दरवर्षी, उन्हात वाळून कडक झाल्यावरसुद्धा. फाटणारच. पण चिरेवर आधी २० मिमी रुंद अशी टेप लावली जिला कोटिंग चिकटत नाही, तर तीच ०.४ मिमीची हालचाल २० मिमीत वाटली जाते, म्हणजे फक्त २ टक्के ताण. कोटिंग तेच, जाडी तीच. या टेपला बाँड ब्रेकर म्हणतात, साधी पॉलिथिनची टेप असते, किंमत काही नाही, आणि दहातल्या नऊ कोटेशनमध्ये तिचं नाव नसतं.

पहिलं काम : डाग वाचायचा

गच्चीवर जायच्या आधी खालच्या घरात बसा. डाग कुठे आहे, आणि मुख्य म्हणजे कधी येतो. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात ओल दिसते आणि पाऊस थांबला की लवकर कमी होते, तर पाण्याला सरळ वाट आहे, बहुतेक जॉइंट किंवा कोपिंग. पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले तरी थेंब चालूच आहेत, तर पाणी कोब्यात साठलंय. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे, एकदा आत पाणी गेलं की तो धरून ठेवतो आणि पाणी कोब्याखालून फिरत फिरत स्लॅबला जिथे चीर सापडेल तिथून उतरतं. म्हणून डागाच्या बरोब्बर वर फोडाफोडी करू नका, तिथे काहीच सापडणार नाही अशी शक्यता जास्त. आणि फक्त वाऱ्याच्या पावसात, फक्त एका दिशेच्या भिंतीला वरच्या फूट-दीड फुटात ओल येते, तर कठड्याची बाहेरची बाजू किंवा कोपिंग.

छताला गंजाचे तपकिरी डाग, काँक्रीट फुगून खपली पडणं, सळई दिसणं असं काही असेल तर इथेच थांबा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तिथे वॉटरप्रूफिंग नंतर.

दुसरं : चीर हलती आहे का मेलेली

गच्चीवरच्या प्रत्येक चिरेला एकच औषध नसतं. आयपीएसवर, म्हणजे गच्चीच्या वरच्या सिमेंटच्या थरावर, जाळीसारख्या दिसणाऱ्या चिरा असतात, त्या बहुतेक वाळताना आलेल्या, वरवरच्या. हातोडीने हलकं ठोकून बघा, भरीव आवाज आला तर त्या फक्त भरायच्या. बद्द, पोकळ आवाज आला तर तो भाग सुटलाय, तेवढा तुकडा काढूनच नवीन करायला लागतो.

लांब सरळ जाणाऱ्या, जॉइंटला समांतर किंवा कठड्याच्या कडेने जाणाऱ्या चिरा संशयित. त्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही काठांना इपॉक्सीने चिकटवायची, तारीख लिहायची, आणि महिना-दोन महिने सोडायची. तुटली म्हणजे चीर हलतीये. एवढा वेळ नसेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने बारीक खूण करा आणि व्हर्नियरने पहाटे सहाला आणि दुपारी तीनला अंतर मोजा, मार्च-एप्रिलमध्ये केलंत तर एका दिवसातही फरक दिसतो. जाडी मोजायला क्रॅक गेजचं पारदर्शक कार्ड मिळतं, चिरेवर ठेवून रेघ जुळवायची. आयएस ४५६ मध्ये आतल्या कोरड्या काँक्रीटला ०.३ मिमीपर्यंतची चीर चालते आणि सतत ओल लागणाऱ्याला ०.२, पण हा आकडा सळई गंजू नये म्हणून आहे, गळणार नाही याची ती हमी नाही.

तिसरं : पाण्याची टेस्ट, आणि तीही खालून वर

बहुतेक लोक जाळ्या बंद करून गच्चीत पाणी भरतात, दोन दिवस ठेवतात, खाली काही दिसलं नाही की म्हणतात गच्ची ओके आहे. पण भरलेलं पाणी चार इंचाच्या वर नसतं (आणि त्याहून जास्त भरूही नका, स्लॅबवर उगाच वजन, १०० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो). ते कोपिंगपर्यंत पोचतच नाही. म्हणजे या टेस्टने फक्त खालची गच्ची तपासली गेली, कठडा नाही.

करायचं असं. आधी फक्त गच्ची भरा, जॉइंटच्या दोन्ही बाजूंना मातीचा छोटा बांध घालून जॉइंट कोरडा ठेवा, ४८ तास बघा. काही नाही? मग जॉइंटवर पाइपने पाणी सोडा, दोन-तीन तास. तरी काही नाही, तर कठड्याच्या आतल्या बाजूचा खालचा फूटभर भाग भिजवा, मग वरचा, आणि सगळ्यात शेवटी कोपिंगवर पाणी. प्रत्येक टप्प्यानंतर मध्ये थांबा, खाली एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. खालून वर का, तर आधीच कोपिंगवर पाणी टाकलं की ते खाली ओघळून सगळंच भिजवतं आणि मग कुठून आलं ते कळत नाही.

एक केस

वर जो ५२ मीटरचा हिशोब केला ती बिल्डिंग खरी आहे, पुण्यातली, चार मजली, दोन विंग. बी विंगच्या टॉप फ्लोअरला बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला छताखाली ओल यायची, पण जूनमध्ये नाही, जुलैत वारा सुटला की. जॉइंटपासून डाग दोन मीटर लांब. सोसायटीने आधी दोनदा पूर्ण गच्चीला कोटिंग करून घेतलेलं, पैसे गेले, डाग तिथेच.

गच्ची भरली, ४८ तास खाली कोरडं ठक्क. म्हणजे कोटिंगवाल्याचं काम तसं बरं होतं. जॉइंटवर पाणी सोडलं, थोडी दमट रेघ आली पण बेडरूमपासून लांब. कठड्याच्या आतल्या बाजूला काही नाही. कोपिंगवर पाणी टाकलं आणि वीसेक मिनिटांत बेडरूमचा डाग गडद व्हायला लागला.

वर काय होतं ते बघा. गच्चीच्या फरशीत जॉइंट होता, त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी होती, सगळं दिसायला नीट. पण जॉइंट कठड्यापाशी येऊन संपला होता. म्हणजे कठड्यातही मूळ फट होती, पण कोणीतरी प्लास्टर करताना आतून-बाहेरून ती गिलाव्याने बुजवून टाकली, आणि वरून कडाप्प्याचं कोपिंग सरळ एकसंध फटीवरून नेलं. स्लॅब ८ मिमी हलणार, कठडा हलणार, कोपिंगचा दगड दोन्ही कठड्यांना चिकटवलेला. दगड मधोमध फुटला, चीर अर्ध्या मिमीचीसुद्धा नव्हती, वरून काळा कडाप्पा आणि धूळ, दिसायचीच नाही. पाणी त्या चिरेतून थेट कठड्याच्या पोटातल्या पोकळ फटीत, तिथला थर्माकोल भिजला, मग स्लॅबच्या लेव्हलला आलं, आणि विटांच्या आडव्या थरातून वाट काढत दोन मीटर लांब बेडरूमच्या भिंतीत उतरलं. आणि खालची अॅल्युमिनियमची पट्टी? तिला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारलेले, म्हणजे तीही वाकून वर उचलली गेलेली, स्क्रूची भोकं अंडाकृती झालेली.

जॉइंट जिथे असेल तिथे तो गच्चीपासून कठड्याच्या आतल्या बाजूने वर, कोपिंगमधून, आणि बाहेरच्या बाजूने खाली प्लिंथपर्यंत सलग जायला पाहिजे. मध्ये कुठेही गिलावा, फरशी, दगड, पाइप, केबलची क्लिप त्याला जोडून टाकत असेल तर तिथेच तुटणार. जुन्या बिल्डिंगमध्ये गळती शोधायची असेल तर मी आधी ही एकच जागा बघतो, जॉइंट आणि कठड्याचा कोपरा.

चौथं : जॉइंट मोकळा करणं

पट्टी काढा. आतला जुना सीलंट, डांबर, थर्माकोल आकड्याने आणि पातळ पट्टीने ओढून काढा, निदान १०० मिमी खोलपर्यंत. बांधकामाच्या वेळचा माल, विटांचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट आत अडकलेलं असतं, ते छिन्नीने काढायचंच, कारण असा एक तुकडा मध्ये राहिला की उन्हाळ्यात स्लॅब त्याच्यावर दाबतो आणि काठ फुटतो. जॉइंटची रुंदी ठिकठिकाणी मोजा. आमच्या केसमध्ये ड्रॉइंगवर २५ मिमी होती, प्रत्यक्षात काही ठिकाणी १२ मिमी. हे महत्त्वाचं आहे. चांगला पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट आपल्या रुंदीच्या अधिक-उणे २५ टक्के हलू शकतो. २५ मिमीच्या फटीला मधल्या स्थितीपासून अधिक-उणे ४ मिमी म्हणजे १६ टक्के, चालतं. १२ मिमीच्या फटीला तेच ४ मिमी म्हणजे ३३ टक्के, असा २५ टक्क्यांचा सीलंट तिथे फाटणार. म्हणून अरुंद जागा ग्राइंडरने कापून २५ करायच्या, आणि कापताना सळई लागली तर थांबून इंजिनिअरला विचारायचं.

फुटलेले काठ पॉलिमर मॉर्टरने नाहीतर इपॉक्सी मॉर्टरने सरळ करून घ्या. मध्ये थर्माकोलची पट्टी उभी धरा म्हणजे माल फटीत पडत नाही. आणि मग चार-पाच दिवस वाळू द्या, ओल्या काठाला सीलंट धरत नाही. सीलंटवाल्याला विचारा प्रायमर कुठला, तोच मारा. वायर ब्रश आणि ब्लोअर न वापरता सीलंट भरणारा माणूस दिसला तर काम थांबवा.

पाचवं : भरणं

फटीत आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, फटीपेक्षा पाव पट जाड. २५ ला ३० किंवा ३२ मिमीची. बोथट लाकडाने दाबून अशी बसवायची की वर १२ मिमी खोली उरेल. टोकदार स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका, रॉडला भोक पडलं की त्यातून हवा येऊन सीलंटमध्ये बुडबुडे धरतात. रॉडचं खरं काम नुसतं सीलंट वाचवणं नाही, सीलंट फक्त दोन काठांना चिकटावा, बुडाला चिकटू नये, हे आहे. बुडालाही चिकटला तर तो ताणू शकत नाही आणि मधूनच चिरतो. रुंदी दोन, खोली एक, हे प्रमाण लक्षात ठेवा. जास्त खोल भरला म्हणजे जास्त मजबूत असं नसतं, उलट असतं.

किती लागेल? २५ गुणिले १२ मिमी म्हणजे एका मीटरला ३०० मिली. ६०० मिलीच्या एका सॉसेजमध्ये, म्हणजे सीलंटच्या लांबट पाकिटात, दोन मीटर. बिल्डिंग ११ मीटर रुंद, अधिक दोन्ही कठड्यांची आतली बाजू, डोकं आणि बाहेरचा थोडा भाग मिळून साधारण ५ मीटर, एकूण १६ मीटर, म्हणजे आठ सॉसेज, वाया जाणारं धरून नऊ. कोणी तीन सॉसेजमध्ये काम संपवून दाखवत असेल तर समजून घ्या.

कधी भरायचं हेही तितकंच मोठं. मेच्या दुपारी तुमची २५ ची फट मिटून २१ झालेली असते. तेव्हा भरलं तर थंडीत ती २९ होणार, म्हणजे २१ वर ८ मिमी ताण, ३८ टक्के. गेला सीलंट. सगळी सोसायटीची कामं मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस आला पाऊस आला म्हणत होतात. फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीनंतर नोव्हेंबर, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, फट मधल्या रुंदीत असते तेव्हा भरा. दिवाळीनंतर करत असाल तर काठ आतून वाळलेत का ते बघा, प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली दव जमलं असेल तर अजून थांबा.

आडव्या फटीला ओतायच्या ग्रेडचा पॉलिसल्फाइड चालतो, उभ्या भागात तो ओघळतो, तिथे गनने भरायचा घट्ट, म्हणजे गन ग्रेडच. भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या पट्टीने दाबून मधे किंचित खोलगट करा.

सीलंटवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. त्यावरून ईपीडीएम रबराची २०० मिमी रुंद पट्टी, दोन्ही कडा स्लॅबला चिकटवलेल्या, मधला भाग मोकळा, ढिला, किंचित खाली झोळ दिलेला. कठड्यावर चढतानाही ती सलग, कोपऱ्यात तुकडा जोडायचा नाही, कारण जोड कोपऱ्यातच सुटतो. वर अॅल्युमिनियमची पट्टी, एका बाजूला स्क्रू पक्के, दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली किंवा लांबट भोकात ढिली. अॅल्युमिनियम काँक्रीटच्या दुप्पट वाढतं, म्हणून पट्टीचे ३ मीटरचे तुकडे, मध्ये थोडी फट ठेवून वर झाकणपट्टी.

आणि उतार. गच्चीचं पाणी जॉइंटकडे वाहत असेल तर वरचं सगळं करूनही सीलंट सतत पाण्याखाली राहणार. शक्य असेल तर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी उंच कर्ब बांधून वर टोपीसारखं झाकण द्या, तेही एकाच बाजूला पक्कं. कोबा नवीन करणार असाल तर हे करायची संधी सोडू नका, नंतर कोणी करत नाही.

सहावं : कोपिंग

आपल्याकडे निम्म्या कठड्यांना कोपिंगच नसतं, वर सिमेंटची सपाट घोटाई आणि झालं. त्यात चिरा येणार, पाणी विटांत उतरणार, गिलावा फुगणार. चांगल्या कोपिंगला उतार गच्चीच्या आत हवा, बाहेर नको, नाहीतर सगळी घाण बाहेरच्या रंगावर ओघळते. ९ इंची कठड्याला आडव्यात साधारण दहाला एक एवढा उतार पुरतो. दोन्ही बाजूंना ५० मिमी बाहेर आलेलं हवं आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या पोटात, काठापासून इंचभर आत, १० मिमीची खाच. हा ड्रिप मोल्ड नसेल तर पाणी कोपिंगच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत येतं आणि तिथल्या आडव्या चिरेत जातं, म्हणजे कोपिंग असून नसल्यासारखं. दगड बसवून झालेत आणि खाच नाही, तर ग्राइंडरने करता येते, किंवा अॅल्युमिनियमचा छोटा अँगल सीलंटने खाली चिकटवा.

दगड कितीही चांगला असला तरी त्यांच्या जोडांतून पाणी जाणार हे धरून चला. म्हणून दगडाखाली कठड्याच्या डोक्यावर पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दोन्ही बाजूंना थोडं खाली उतरवून, मग मॉर्टर, मग दगड. हा थर बहुतेक जण गाळतात कारण नंतर दिसत नाही. जोड ६ मिमीचे ठेवा आणि पॉलियुरेथेन सीलंटने भरा, व्हाइट सिमेंटने नाही. कडाप्पा काळा, उन्हात जबरदस्त तापतो, व्हाइट सिमेंटचा जोड पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. आरसीसी कोपिंग करत असाल तर ७५ मिमी जाड, दर ३ मीटरला कापलेलं, सळईसुद्धा तिथे तोडलेली. एक्सपान्शन जॉइंटवर मात्र दोन दगड वेगळे, खालच्या फटीएवढीच फट मध्ये, सीलंट, आणि वरून एका बाजूला पक्की केलेली धातूची टोपी.

रेलिंगचे लोखंडी पाइप, डिशचे स्टँड, सोलरचे पाय कोपिंगमध्ये भोक पाडून बसवू नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. लावायचंच तर कठड्याच्या आतल्या उभ्या बाजूला.

सातवं : कठड्याचं बूड आणि उरलेल्या चिरा

गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारी सिमेंटची गोलाई हवी, साधारण ७५ बाय ७५ मिमी. पण नुसता सिमेंटचा वाटा कडक असतो, तो हलत्या रेघेवर बसलेला, तोही चिरतो. म्हणून आधी कोपऱ्यात २५ बाय २५ ची फट कापून सीलंट, त्यावर वाटा, वाट्यावर कोटिंगमध्ये फायबरची जाळी, आणि कोटिंग कठड्यावर ३०० मिमी चढवायचं. त्याची वरची कड गिलाव्यात खाच पाडून आत दाबायची, नाहीतर मागून पाणी जातं.

बाहेरची आडवी भेग झुल्यावरून किंवा दोरीवाल्यांकडून करायला लागते, पट्टा लावल्याशिवाय कोणाला उतरू देऊ नका. भेग ग्राइंडरने १२ मिमी रुंद, ८-१० मिमी खोल सरळ कापायची, बुडाला बाँड ब्रेकर टेप, वर रंग धरणारा पॉलियुरेथेन सीलंट. दिसताना ती एक बारीक रेघ दिसते, दिसू दे. पुट्टी भरून लपवलीत तर पुढच्या वर्षी वाकडी-तिकडी तीच दिसेल.

मेलेल्या चिरांना एवढं नको. ५-६ मिमीची व्ही खाच, धूळ साफ, पॉलिमर मॉर्टर, वर कोटिंग. स्लॅबमध्येच आरपार चीर असेल तर खालून इपॉक्सी ग्राउटिंग करतात, पण ते फक्त न हलणाऱ्या चिरेला. हलत्या चिरेत इपॉक्सी भरलं तर शेजारी नवीन चीर तयार होते, कारण इपॉक्सी काँक्रीटपेक्षा मजबूत.

कोकणात आणि गोव्यात हाच उद्योग जरा वेगळा होतो. पुण्यात वर्षाला ७०० मिमीच्या आसपास पाऊस, रत्नागिरीकडे तीन हजारांच्या पुढे, आणि कठडे चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. हा दगड स्वतःच पाणी पितो, म्हणून तिथे कोपिंगखालचा वॉटरप्रूफ थर आणि कठड्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा हे जॉइंटइतकंच महत्त्वाचं. बरेच जण वर पत्र्याची शेड टाकतात, ते चांगलंच, पण शेडचे खांब कठड्यावर बोल्ट केले की वाऱ्यात ते कठडाच हलवतात.

कोटेशन घेताना "गच्ची वॉटरप्रूफिंग, अमुक चौरस फूट" एवढ्यावर सही करू नका. जॉइंट आणि कोपिंग मीटरमध्ये वेगळे लिहून घ्या, सीलंटचा प्रकार, फटीची रुंदी-खोली, बॅकर रॉडची जाडी, बाँड ब्रेकर टेप, कोपिंगखालचा थर, आणि काम झाल्यावर वर सांगितलेली खालून-वर पाण्याची टेस्ट. पैशाचा शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर. त्या केसमधल्या सोसायटीने गच्चीच्या कोटिंगला हातही लावला नाही, फक्त जॉइंट, दोन्ही कठड्यांतली फट आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंचं तीन-तीन मीटर कोपिंग केलं. बेडरूमची भिंत वाळायला तरी डिसेंबर उजाडला, विटांत मुरलेलं पाणी एवढा वेळ घेतंच, त्यामुळे ओल दिसतीये म्हणून ऑगस्टमध्येच काम फसलं असं ठरवू नका, पेन्सिलने डागाची कड आखून ठेवा आणि ती पुढे सरकतीये का ते बघा.